जेवणानंतर दाखवायचा कागद

माझा मुलगा आनंदराज आता छत्तीस वर्षांचा आहे. त्याला बायको आहे, सहा वर्षांची मुलगी आहे, डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत. पण त्याची काळजी लागते तेव्हा मला तो दिसतच नाही. दिसते ती घडी घातलेली वाकळ. चार कोपरे एकावर एक, वर उशी, उशीवर शाळेचा पट्टा.

तो सातवीत होता. वर्गातल्या एका मुलाचं घड्याळ हरवलं आणि बाईंनी चार मुलांची दप्तरं पालथी केली, त्यात ह्याचं एक. घड्याळ सापडलं नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यानं मला सगळं सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवून मी विचारलं, "तू घेतलंस का रे?"

तो "न्हाई" म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. जेवला, झोपला. पहाटे उठून बघते तर वाकळेची घडी, आणि तो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देगलूरच्या बसस्टँडवर सापडला. त्याचे वडील भारत एसटीत कंडक्टर होते, नांदेड-देगलूर गाडीवर. वडिलांची गाडी कधीतरी इथं येणारच, म्हणून तो बाकड्यावर बसून राहिला होता. मधल्या दीड दिवसात त्यानं काय खाल्लं, कुठं झोपला, कशाकडे बघत राहिला, हे त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. घड्याळ चार दिवसांनी खेळाच्या मास्तरांच्या कपाटात निघालं.

लोक म्हणाले, पोरगं बाईंच्या धाकानं पळालं. मीही तसंच म्हणायचे. ते खरं नव्हतं. बाईंनी दप्तर तपासलं तरी तो घरी आला होता. गेला तो मी विचारल्यानंतर.

ही गोष्ट आता लिहायचं कारण म्हणजे एक पत्र. गेले ऐंशी दिवस ते माझ्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत होतं.

आनंदराज लातूरच्या एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होता. तुरीचे, हरभऱ्याचे ट्रक यायचे, आधी भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, मग माल उतरवून रिकामा. दोन्हीतला फरक तो मालाचा. काम सोपं वाटतं. पण आनंदराज ड्रायव्हरला खाली उतरवल्याशिवाय वजन घ्यायचा नाही. क्लीनरलाही खाली. एकदा एका ड्रायव्हरनं वैतागून विचारलं, "साहेब, मिशी काढून ठिवू का?" तर हा शांतपणे म्हणाला, "ठिवा. पण मग रिकाम्या वजनाला बी काढूनच यावं लागंल." काट्याच्या खोलीत वीस किलोचं एक लोखंडी प्रमाण वजन होतं, ते तो रोज सकाळी फडक्यानं पुसायचा. मुलगी झाली तेव्हा दर महिन्याला तिला मिलमधल्या पोत्यांच्या छोट्या काट्यावर ठेवून वजन करायचा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहायचा. त्याची बायको मनिषा म्हणायची, "पोत्यावानी मापतंय लेकराला." अजून ती कॅलेंडरं आहेत तिच्याकडे.

असा माणूस. बोलायचा कमी, मोजायचा फार. मला त्याचा कधी अभिमान वाटला असेल तर तो ह्या मोजण्याचा. आणि मग बघा मी काय केलं.

दोन हजार तेरा सालच्या जूनमध्ये तो मिलला लागला. गेल्या वर्षी मालकाचा पुतण्या कारभारात आला. यंदा फेब्रुवारीत त्यानं हमालांसमोर, ड्रायव्हरांसमोर आनंदराजला ओरडून विचारलं की तुटीचा माल कुठं जातो. आनंदराजनं उत्तर दिलं नाही. एक मार्चला राजीनामा लिहून दिला. महिनाभराच्या नोटिशीचे सगळे दिवस कामावर गेला, वजन पुसलं, आणि एकतीस मार्चला किल्ली ठेवून आला. पुतण्या ओरडला हे मला मनिषानं सांगितलं. त्यानं स्वतः एवढंच सांगितलं, "सोडलं आई."

"का रे?"

"बरं न्हाई वाटलं."

आता तो शिरूर अनंतपाळला एका खासगी काट्यावर जातो, दुपारी दोन ते रात्री दहा. लातुरातल्या भाड्याच्या खोलीवरून मोटरसायकलनं जाणं-येणं. त्याला वजनकाटे दुरुस्तीचं स्वतःचं छोटं दुकान टाकायचंय. मिलमधली जवळजवळ अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी मिळाली तर ते होईल, असा त्याचा हिशेब. एप्रिलच्या बावीस तारखेला त्यानं मिलकडे रीतसर अर्ज दिला आणि पोच घेतली. मग वाट बघत बसला.

उत्तर आलं, पण त्याच्याकडे नाही. मिलच्या दप्तरात त्याचा कायमचा पत्ता म्हणून नांदेडचं आमचं घर होतं. दहा मेला पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात आला. हे म्हणजे माझे यजमान अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच ओरडून ते मला म्हणाले, "रजिस्टर घ्यायचं नसतं. घेतलं की आपल्यावर येतं." तोवर माझी सही झाली होती.

मी ते फोडलं. मुलाच्या नावाचं होतं तरी फोडलं.

छापील नमुना होता, वर 'एम' असं अक्षर. मधल्या रकान्यात कारण लिहिलं होतं: तुमच्या कार्यकाळात काट्यावर चौदा क्विंटल मालाची तूट आढळली असून त्यामुळे झालेल्या नुकसानीपोटी तुमची ग्रॅच्युइटी जप्त करण्यात येत आहे, सबब तुमची मागणी नामंजूर.

तूट. पुढचं मी वाचलंच नाही. आणि त्याच क्षणी, मला ते लिहायलाही लाज वाटते, माझ्या मनात आलं, असेल का? काही केलं असेल का ह्यानं? एवढ्या घाईनं सोडलं कशाला?

एकच क्षण होता. पण माझा प्रश्न मी ओळखला. लाटणं हातात होतं तेव्हाचाच तो.

आमच्या घरात एक रीत होती. यांना डेपोतून मेमो यायचा. तिकिटाच्या पैशात पाच रुपये कमी पडले, मेमो. गाडी अकरा मिनिटं उशिरा, मेमो. शिपाई तो घरीच देऊन जायचा. सुरुवातीला मी दारातच हातात द्यायचे, आणि माणूस दोन दिवस अन्नाला शिवायचा नाही. मग सासूबाईंनी मला शिकवलं, कागद जेवणानंतर दाखवायचा. आधी पोटभर जेवू दे, पाठ टेकू दे, मग दाखव. तेव्हापासून कितीतरी मेमो मी डब्यात, उशीखाली, पिठाच्या पाटीमागे ठेवले आणि जेवणानंतर काढले. ते काही चूक नव्हतं. माणसं टिकली त्यामुळं.

हेही पत्र मी तसंच ठेवलं. आनंदराज रविवारी आला की जेवल्यावर दाखवू. तो आला, जेवला, मुलीला पाठीवर घेऊन अंगणात फिरला, हसला. मी दाखवलं नाही. पुढच्या वेळी त्याला ताप होता. त्याच्या पुढच्या वेळी तो म्हणाला, "आई, मिलनं उत्तरच दिलं न्हाई अजून. एवढी वर्षं काम केलं, एक कागद पाठवायला काय जातंय?" तेव्हा तर मी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. एका जेवणापुरतं ठेवलेलं पत्र शालूतच राहिलं, जून गेला, जुलै गेला.

दर रात्री मी मनिषाला फोन करत होते. जेवला का, झोपला का, काही बोलला का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, तुमी काय शोधून राहिलात?"

"काही नाही गं."

"मग माझी रोज हजेरी का घेता?"

मला काय भीती होती ते तिला कसं सांगू? की एक दिवस तूही उठशील आणि बाजूला घडी घातलेली वाकळ असेल.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठरवलं की पत्र जिथून आलं तिथंच परत द्यायचं. मिलचे मुनीम व्यंकटराव आनंदराजला मानायचे, लग्नालाही आले होते. त्यांना हात जोडायचे, म्हणायचं की पैसे नकोत, पण हा कागद मागं घ्या, तुटीचा शब्द काढा. यांना सांगितलं की बहिणीकडे चाकूरला जाते. काल सोमवारी सकाळी सहाची लातूर गाडी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. चाकूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं उतरावं, म्हणजे निदान तेवढं तरी खरं होईल.

मिलच्या फाटकापाशी तुरीच्या ट्रकांची रांग होती. काट्याच्या खिडकीत एक नवा पोरगा बसला होता, कानात वायर घालून. ड्रायव्हर गाडीतच बसलेला, क्लीनर गाडीतच, आणि वजन चाललेलं. मला ते बघवेना.

व्यंकटराव आतल्या टेबलाशी होते. चष्मा कपाळावर.

"आनंदराजच्या आई ना तुमी? लेकाचं नाक तुमचंच हाय. बसा. चहा सांगू?"

मी पिशवीतून पत्र काढून टेबलावर ठेवलं. "व्यंकटराव, हे परत घ्या."

"काय परत घ्या?"

"पैसे नकोत आम्हाला. हा कागद नको. त्याला कळलं तर..." पत्र मी त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

ते पत्राकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "त्याला ठावं न्हाई?"

मी मान हलवली.

"ताई, किडकी डाळ परत येती मिलला. पत्र येत न्हाई." त्यांनी चष्मा खाली ओढला. "शेवटपर्यंत वाचलं का तुमी हे?"

"तूट म्हटलंय ते वाचलं."

"बी.ए. झालेल्या हाव म्हनं तुमी. आमच्यासारख्या सातवी पास मानसानं लिहिलेला कागद पुरा वाचवला न्हाई तुमाला?" असं म्हणून त्यांनी पत्र माझ्याकडे फिरवलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रत, माहितीसाठी: ग्रॅच्युइटी नियंत्रक प्राधिकारी, कामगार न्यायालय, लातूर.

"ह्या नमुन्याची प्रत तिकडं पाठवावीच लागती. मे महिन्यातच गेली. मालक घेवो, मी घेवो, आता हे मागं घेनं कुनाच्या हातात न्हाई."

म्हणजे मी शालूत जे दडवून बसले होते ते कधीच सरकारी टेबलावर जाऊन पडलं होतं. आणखी कुणी कुणी वाचलं असेल?

व्यंकटराव उठले, दार लोटून घेतलं, आणि आवाज खाली आणला. "मालक म्हनले दोन ओळीत लिही, मिळनार न्हाई म्हन. मी म्हनलं, ह्याला सरकारी नमुना हाय. भरायचा तर सगळे रकाने भरायचे. कधी लागला, कधी राजीनामा दिला, राजीनामा कधी मंजूर केला, शेवटचा पगार किती. मालकानं सांगितलं ते लिहिलं. जे खरं हाय तेबी लिहिलं. सही मालकाची हाय. न वाचता केली." ते क्षणभर हसले, आणि लगेच हसणं पुसून टाकलं. "कागद परत द्यायला आलात, त्यापरीस त्याला न्या. कामगार न्यायालयाच्या समोर पुनम म्हणून वकील हाय, पोरगीच हाय, पन ही कामं करती. आनि माझं नाव तिथं काढू नका. मला अजून तीन वर्सं काढायचीत इथं."

मी उठले. दारापाशी विचारू नये ते विचारलंच. "व्यंकटराव, ती तूट..."

"तो जाऊन चार म्हैने झाले," ते काट्याच्या खिडकीकडे न बघता म्हणाले. "तूट अजून येऊनच राहिली."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट लाज वाटली. पोटच्या मुलाविषयी खात्री करून घ्यायला मला परक्या माणसाची साक्ष लागली होती.

पुनम वकिलांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. वय तिशीच्या आतबाहेर. त्यांनी पत्र दोन वेळा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिलनं एका ओळीखाली रेघ मारली.

"मावशी, हे कुणी लिहिलं?"

"मिलनं."

"मिलनं आमचं अर्धं काम केलंय. हे बघा, 'आपला दिनांक एक मार्चचा राजीनामा मंजूर करून आपणास दिनांक एकतीस मार्च रोजी कार्यमुक्त करण्यात आले.' म्हणजे तो राजीनामा देऊन गेला, त्याला काढलेलं नाही, हे त्यांनीच लिहून दिलं. नुकसान केलं म्हणून ग्रॅच्युइटी जप्त करायची असेल तर आधी त्याच कारणासाठी नोकरीवरून काढलेलं असावं लागतं. त्यातही नुकसान जेवढं, तेवढीच. ह्यांनी ना चौकशी केली, ना काढलं. राजीनामा घेतला, आणि महिन्याभरानं तूट आठवली."

मला सगळं कळत होतं आणि काहीच आत जात नव्हतं. "मालक पोलिसांत गेला तर?"

"चार महिने गेला नाही. जाणारच नाही असं मी कुणाच्या वतीनं लिहून देत नाही. पण त्या भीतीनं हा अर्ज थांबत नाही."

"आणि इथं? त्याला इथं यावं लागेल?"

"अर्ज दाखल झाला की मिलला नोटीस निघेल, तारीख पडेल. ते येतील, म्हणणं मांडतील. साक्ष झाली तर त्यांचा वकील ह्याला प्रश्न विचारेल. तुटीचेही विचारेल. मी खोटं सांगणार नाही, मावशी, विचारेलच."

मला तो दिसला. उभा. चार माणसांसमोर कुणीतरी विचारतंय, आणि तो गप्प. तो अशा वेळी गप्पच बसतो. मी म्हणाले, "तो बोलत नाही. त्याला कुणी असं विचारलं की तो बोलतच नाही."

पुनमनं पेन्सिल खाली ठेवली. "कधीपासून?"

मी पिशवीचे बंद नीट करू लागले.

तिनं खालच्या टायपिस्टला बोलावून अर्ज करायला घेतला. नमुना 'एन'. अर्जदार आनंदराज भारत गजभारे, विरुद्ध मिल. नोकरीला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण: राजीनामा. सेवा दहा वर्षं आणि नऊ महिन्यांवर. वरचे महिने सहापेक्षा जास्त म्हणून अकरा वर्षं धरायची. शेवटचा पगार अठरा हजार दोनशे. त्याला सव्वीसनं भागून पंधरानं गुणायचं, मग अकरानं: एक लाख पंधरा हजार पाचशे, आणि उशिराचं व्याज वेगळं. आनंदराज असता तर त्यानं ओठ न हलवता मोजलं असतं. सोबत जोडलेले कागद: राजीनाम्याची प्रत, मिलला दिलेल्या अर्जाची पोच, आणि मालकानं दिलेला लेखी नकार. पोच आणि राजीनामा त्याच्याकडून यायचे. नकार माझ्या पिशवीतून निघाला. टायपिस्टनं त्याच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर एक नंबर टाकला. मी जो शब्द शालूत झाकत होते तो आता पाच प्रतींत टेबलावर पडला होता.

"हे रजिस्टर तुम्हाला कधी मिळालं?" पुनमनं विचारलं.

"दहा मे."

"आणि त्यानं आजपर्यंत अर्ज का केला नाही?"

मग मला सांगावंच लागलं. घड्याळाचं नाही सांगितलं. मेमोचं सांगितलं, शालूचं सांगितलं.

ती ओरडली नाही. कॅलेंडर पुढं ओढून बोटानं मोजत गेली. "नकारापासून नव्वद दिवसांत हा अर्ज द्यायचा असतो. मिळाल्यापासून धरलं तर आठ ऑगस्ट. पण पत्राची तारीख सहा मे आहे, मिल तीच धरून भांडेल. त्या हिशेबानं चार ऑगस्ट येतो, तो रविवार. मी जोखीम घेणार नाही. शुक्रवारी, दोन तारखेला हा अर्ज दाखल झाला पाहिजे. अर्जावर सही त्याची, वकीलपत्रावर सही त्याची. त्यानं वाचून, समजून करायची. तुमची चालणार नाही."

"उशीर झाला तर?"

"उशीर माफ होऊ शकतो, पुरेसं कारण दाखवलं तर. ते लेखी द्यावं लागेल, प्रतिज्ञापत्रावर." ती थांबली. "कारण काय लिहू, मावशी? कारण तुम्ही आहात. ते त्याला तिथं, सगळ्यांसमोर वाचायला लागेल. त्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकू दे."

निघताना मी तिला विचारलं की फोन करून तुम्हीच सांगाल का. वकिलांनी सांगितलं तर तो ऐकून घेईल.

"मी त्याला कायदा सांगेन," ती म्हणाली. "पत्र शालूत का होतं ते मला माहीत नाही."

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. पत्र, त्याच्या झेरॉक्स, टाइप केलेला अर्ज, खाली सहीसाठी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेकडे बघून मला भीती वाटत होती. लातूरमध्ये त्याच्या खोलीपासून मी दहा मिनिटांवर होते. गेले नाही. मनिषा दार उघडेल, तो कामावर निघायच्या घाईत असेल, ताट पुढं असेल. जेवणाआधी कसं दाखवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. बासष्टाव्या वर्षी, हातात तारीख लिहिलेली असताना, मी पुन्हा तेच सांगितलं.

आज दिवसभर मी कुठल्याच कामाला हात लावला नाही. संध्याकाळी यांच्यासमोर पत्र ठेवलं. चष्मा लावून, ओठ हलवत त्यांनी सगळं वाचलं, अगदी प्रतीच्या ओळीपर्यंत. मला वाटलं आता बोलतील. चाकूरचं खोटं, एवढ्या दिवसांचं खोटं. ते म्हणाले, "माझे मेमो तू असेच ठेवायचीस?"

"जेवण होईपर्यंत."

"ठावं होतं मला."

"काय?"

"शिपाई आधी मलाच डेपोत सांगायचा, कंडक्टर, घरी कागद टाकून आलोय. मी घरी येऊन तुझ्या तोंडाकडं बघायचो. जेवायला वाढताना तुझी नजर ताटावरनं हलायची न्हाई." त्यांनी पत्राची घडी घातली, जशी आली होती तशीच. "मेमोचं काय एवढं नव्हतं. पाच रुपये कमी पडले तर मी खिशातून भरायचो. पन जेवताना मला वाटायचं, हिला तर वाटत नसंल ना, की मी घेतले."

चाळीस वर्षांत ते हे कधी बोलले नव्हते.

"मला कधीच तसं वाटलं नाही," मी म्हणाले.

"मग तेवढं म्हनायचं होतंस. कागद कधीबी दाखव." ते उठले, आणि आत जाताना म्हणाले, "पोरगंबी तुझ्या तोंडाकडंच बघत असनार."

मला आता कळतंय की तो देगलूरला वडिलांच्या गाडीची वाट का बघत बसला होता. त्याला घरी यायचं होतं. फक्त मी न्यायला येऊन नाही, वडिलांच्या गाडीतून.

आज मंगळवार. मधे बुधवार आणि गुरुवार. उद्या सकाळीच गाडी धरून कागद घेऊन जाता येईल, पण आधी त्याला कळायला हवं. दारात पिशवी घेऊन उभी राहिले तर तो पुन्हा माझ्या तोंडाकडे बघेल आणि मी पुन्हा म्हणेन, आधी जेवून घे. आधी मनिषाला फोन करावा, त्याच्यावर लक्ष ठेव म्हणावं, असं मघाशी वाटलं होतं. नंबरही काढला होता. मग खाली ठेवला. तिच्याकडून त्याच्यावर पहारा ठेवायचा म्हणजे परत एकदा त्याचं दप्तर पालथं करायचं.

तो दहाला काटा बंद करतो, पावणेअकराला घरी येतो, आंघोळ करून जेवतो. आता साडेअकरा झालेत. त्याचं जेवण झालेलं आहे.

तो सरळ ऐकून घेईल की फोन ठेवून देईल, मला सांगता येत नाही. सही करेल की म्हणेल, राहू दे आई, नको मला ते पैसे, हेही सांगता येत नाही. उद्या सकाळी त्याच्या अंथरुणाकडे मनिषा बघेल तेव्हा काय असेल, हा विचार आत्ताही जात नाही. तो मला एकच विचारेल, आई, पत्र का लपवलंस. तुला काय वाटलं?

त्याला तूट आधी सांगायची नाही, तारीखही आधी सांगायची नाही. आधी घड्याळाचं सांगायचं. सातवीतलं. की मी विचारायला नको होतं, तेव्हाही नको होतं आणि मेमध्ये मनातल्या मनातही नको होतं. मग पत्र, मग शुक्रवार.

मी त्याचाच नंबर लावते.